वॉशिंग मशीनचा पॉइंट घ्यायच्या आधी वायरिंग बदलून हवंय, घरमालकाला पत्र कसं लिहू?

पडवीतला_भाडेकरू
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ एका जुन्या कौलारू घराच्या मागच्या भागात आम्ही भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, यंदा परत रिन्यू केलं. फ्रंट लोड मशीन घेतलंय, मागच्या प्लेटवर २१०० वॅट लिहिलंय. ठेवायचंय मागच्या पडवीत, न्हाणीला लागून. घरमालक काका पुढच्या भागातच राहतात, माणूस एकदम चांगला, झाडाचे नारळ आणून देतात. त्यांना पॉइंटचं विचारलं तर म्हणाले पाठवतो वायरमन, गिझरच्या प्लगातून लाईन ओढून देईल, अर्ध्या तासाचं काम.

पण वायरिंग बघून मला धीर होत नाही. लाकडी पट्टीतली जुनी वायर, बोर्डाजवळ ती कापून दिसते तिथे आतून पांढरट आहे म्हणजे अ‍ॅल्युमिनियम असावी. मीटरखाली पोर्सेलीनचे किटकॅट फ्यूज. एमसीबी एकही नाही. प्लगना तिसरं भोक आहे पण त्यात वायर आहे का देव जाणे. गिझर लावला की फॅन जरा मंदावतो.

काकांना दुखवायचं नाही, पण लेखी द्यायचंय. मी एवढंच खरडलंय: "काका, घरातली वायरिंग जुनी व धोकादायक आहे, मशीन लावण्याआधी कृपया पूर्ण बदलून द्यावी." बायको म्हणते हे वाचून ते एकतर घाबरतील नाहीतर रागावतील. कोणी असं पत्र लिहिलंय का?

म्हापशेचो_पात्रांव
एवढं काय त्यात. १६ अँपियरचा प्लग बसव, झालं. २१०० वॅट मशीन काय सतत घेत नाही, पाणी तापवतं तेवढाच वेळ, नंतर मोटर फक्त. आमच्याकडे कित्येक वर्षं गिझरच्याच लाईनवर चाललंय. पत्र बित्र लिहून उगाच संबंध बिघडवू नकोस.

सत्तरीची_सून
आमच्याकडे पण फ्रंट लोड आहे आणि मी सांगते वायरिंगपेक्षा पाण्याचं बघा आधी! टाकी कौलांच्या उंचीलाच असली तर प्रेशर मिळत नाही, मशीन एरर दाखवून थांबतं. आम्हाला छोटा पंप लावावा लागला. आणि खालून उंदीर शिरतात, त्यांनी बेल्ट कुरतडला होता, जाळी मारून घ्या.

तारतंत्री
लायसन्सवाला वायरमन आहे, मडगाव साईडला काम करतो. पात्रांव म्हणतात ते अर्धं बरोबर, हीटर कायम चालत नाही. पण जोडाला तापायला वीस मिनिटं पुरतात. हिशोब करा, मशीन २१०० आणि गिझर समजा २०००, मिळून ४१००, भागिले २३०, म्हणजे जवळजवळ १८ अँपियर. पावसात सकाळी एक जण आंघोळीला आणि मशीनमध्ये कपडे, हे रोज होणार. घरगुती जुनी अ‍ॅल्युमिनियमची दीड स्क्वेअर एमएमची वायर असली तर तिने दहा-बाराच्या पुढे ओढू नये. फॅन मंदावतो तो याचाच इशारा, लाईनमध्ये कुठेतरी जोड सैल आहे किंवा वायर बारीक.

वायर सलग असते तिथे सहसा जळत नाही, जळते जोडात. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने थर चढतो, त्यात कोणीतरी तांब्याची वायर पिळून टेप मारलेली असते, आपल्याकडची दमट हवा, दोन पावसाळ्यांत तो जोड काळा पडतो. आणि किटकॅट फ्यूज तिथे वाचवत नाही, कारण दर वेळी उडतो म्हणून कोणीतरी आत जाड तार घातलेली असते. फोटो टाका त्या फ्यूजचा, पण ओढून काढायला जाऊ नका.

आणि पत्राचं म्हणाल तर "वायरिंग धोकादायक आहे" असं लिहू नका. त्यावर काका म्हणणार चाळीस वर्षं काही झालं नाही. आधी कोणाकडून तरी मोजून घ्या, मग मोजलेलं लिहा.

पडवीतला_भाडेकरू
सून ताई, पाण्याचं लक्षात ठेवतो, टाकी खरंच खालीच आहे.
तारतंत्री, मोजायचं म्हणजे नक्की काय?

तारतंत्री
तीन गोष्टी, आणि जाणत्या माणसाकडून करवून घ्या. पहिली, गिझरच्या प्लगाची खरी लाईन कुठून येते. सरळ मेन बोर्डावरून की स्वयंपाकघरातल्या लूपमधून. दुसरी, मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. मेन बंद करून, सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने वायर आणि अर्थमध्ये बघायचं, एक मेगाओमच्या खाली आलं तर ती वायर नवीन कामाला जोडायचीच नाही. भर पावसात मोजलं तर अजून बरं, ओल धरलेली वायर तेव्हाच उघडी पडते.

तिसरी अर्थिंग, आणि इथेच सगळे फसतात. मल्टीमीटर फेज आणि अर्थच्या भोकात लावला की ९०, ११० असलं काहीतरी दाखवतो, लोक म्हणतात कमी आहे पण आहे. तो आकडा खोटा. कुठेही न जोडलेली वायर फेजच्या शेजारून गेली की मीटरला तेवढं दिसतं. टेस्ट बल्ब लावायचा, फेज-न्यूट्रलवर जेवढा पेटतो तेवढाच फेज-अर्थवर पेटला पाहिजे. काहीच नाही पेटला तर अर्थ नाही, विषय संपला.

म्हापशेचो_पात्रांव
अर्थ नसला तर वायरमन न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला मारतो, बल्ब फुल पेटतो आणि बॉडीला चिमटा पण बसत नाही. अर्थ आणि न्यूट्रल शेवटी एकच ना. आमच्याकडे मशीनला हात लावला की झिणझिणी यायची, कंपनीचा माणूस म्हणाला मशीन ठीक आहे, मग आमच्या वायरमनने ही युक्ती केली, तेव्हापासून काही नाही.

तारतंत्री
पात्रांव, आजच्या आज तो तुकडा काढून टाका. मस्करी नाही करत.

झिणझिणीचं कंपनीच्या माणसाने खरं सांगितलं. मशीनच्या आत फिल्टर असतो, त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले. अर्थ असला तर तो बारीक करंट निघून जातो. नसला तर बॉडी निम्म्या व्होल्टवर, ११०-११५ वर लटकत राहते, ओल्या पायाने हात लावला की चिमटा. म्हणजे चिमटा हा मशीनचा दोष नाही, अर्थ नसल्याची खूण आहे.

आता तुमचा तुकडा. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या मशीनच्या किंवा गिझरच्या कॉइलमधून फेज न्यूट्रलच्या वायरवर येणार आणि तुमच्या तुकड्यातून थेट मशीनच्या पत्र्यावर. पूर्ण २३०. फ्यूज उडणार नाही कारण तो करंट कुठे जातच नाही, तुम्ही हात लावाल तेव्हा जाणार. आणि जुन्या अ‍ॅल्युमिनियममध्ये न्यूट्रलचा जोड तुटणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

हे कसं ओळखायचं: त्या लाईनवर गिझर चालू ठेवून प्लगात न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्ट बघायचे. खरा अर्थ असेल तर लोडवर एखाद दोन व्होल्ट तरी दिसतात. लोड असूनही काटेकोर शून्य आलं तर प्लगामागे तुकडा मारलाय असं समजून उघडून बघायचं.

म्हापशेचो_पात्रांव
बरें. उद्या बोलावतो. पण तोच वायरमन आहे, तो म्हणणार तुला कोणी शिकवलं.

भाडं_आणि_भाट
मुळात तुम्ही भाटकाराला विनंती का करताय? गोव्यात मुंडकाराला कायद्याचं संरक्षण आहे, १९७५ चा कायदा बघा. घर सुधारायचा हक्क आहे तुम्हाला. वरून काम करून भाड्यातून कापून घ्या, मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ मध्ये स्पष्ट आहे.

घरमालक_कुडचडे
ओ, हा भाडेकरू आहे, मुंडकार नाही. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा, तो विषयच वेगळा. आणि १०८ मधलं ते भाड्यातून कापायचं आहे ना, ते मालकाला करणं बंधनकारक असलेल्या दुरुस्तीचं आहे, तेही नोटीस देऊन, वाजवी वेळ देऊन. नवीन मशीनचा नवीन पॉइंट ही दुरुस्ती कशी झाली? त्यात अकरा महिन्यांचे कागद बहुतेक लीव्ह अँड लायसन्सचे असतात, ते तर लीजच नाही. त्या वाटेने गेलात तर पुढच्या रिन्यूला घर गेलं समजा.

मी स्वतः दोन खोल्या भाड्याने देतो म्हणून मालकाच्या बाजूने सांगतो. भाडेकरूचं असं पत्र आलं की मालकाच्या डोक्यात तीन प्रश्न येतात. किती पैसे. हा उद्या गेला तर मला काय उरलं. आणि हो म्हटलं तर पुढे अजून काय काय मागेल. पत्रात या तिन्हींची उत्तरं असली की आम्ही सही करतो. "पूर्ण वायरिंग बदला" म्हटलं की आम्हाला अख्खं घर, पट्ट्या उखडणं, भिंतीला चर, रंग, सगळं दिसतं आणि आम्ही पत्र घडी करून कॅलेंडरच्या मागे ठेवतो.

तारतंत्री
कुडचडेवाल्यांचं मला पटतं. पूर्ण घर नका मागू. मागा एकच नवीन लाईन, मेन बोर्डापासून पडवीपर्यंत, जुन्या वायरिंगला कुठेही न शिवणारी. तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची वायर, २.५ पण चालते पण अंतर किती आणि पुढे कोणी गिझर पण त्यावर आणला तर, म्हणून ४ घाला, फरक फार नाही. वरून पीव्हीसी पाइपमधून न्यायची, भिंत फोडायची गरज नाही. टोकाला १६ अँपियरचा प्लग, फरशीपासून वर, पाण्याच्या नळाखाली नको.

लाईनच्या सुरवातीला आरसीबीओ, म्हणजे जादा भार आणि करंटची गळती दोन्हींवर पडणारा स्विच, १६ अँपियर ३० मिलीअँपियर. आख्ख्या घराला आरसीसीबी, म्हणजे नुसत्या गळतीवर पडणारा, लावू नका सध्या. जुन्या घरात एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीला वापरलेला असतो आणि पावसात लीकेज असतंच, तो रोज रात्री पडणार आणि तिसऱ्या दिवशी काका कोणाला तरी सांगून बायपास करणार. नवीन लाईनपुरता लावलात तर टिकेल. पण काकांना हे पण सांगा की बाकी घर त्याने सुरक्षित होत नाही.

सत्तरीची_सून
अर्थिंग केलं की मग तो आरसीबीओ कशाला, दुप्पट खर्च? आमच्याकडे नुसतं अर्थिंग आहे, खड्डा काढून पाइप घातलेला.

तारतंत्री
ताई चांगला प्रश्न. खाली काय आहे तुमच्याकडे? जांभा. चिऱ्याच्या जमिनीत पाइप पुरला, मीठ कोळसा घातला, तरी मे महिन्यात मोजलं तर २५-३० ओहम येतं कधी कधी. पावसात तेच निम्म्यावर येईल, म्हणून अर्थ मोजायचा तो उन्हाळ्यात. धरा ३० ओहम. फेज मशीनच्या पत्र्याला लागला तर करंट किती, २३० भागिले ३०, पावणेआठ अँपियर. १६ चा एमसीबी त्याला हलणार पण नाही, तो निवांत बसणार आणि पत्रा जिवंत राहणार. आरसीबीओ मात्र ३० मिलीअँपियरला पडतो, तो लगेच बंद करेल.

आणि उलट, नुसता आरसीबीओ लावला आणि अर्थ नसला तर तो पडेल, पण तुम्ही हात लावल्यावर पडेल. म्हणून दोन्ही. अर्थचा खड्डा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला घ्या, ओलसर राहतो. तिथे जांभा लागला आणि अडीच मीटर जाता येईना तर तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइट घालतात, महाग पडतो पण खणणं वाचतं.

पडवीतला_भाडेकरू
आमच्या एका ओळखीच्या लायसन्सवाल्याला आणलं. गिझरची लाईन सरळ बोर्डावरून नाही, स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या प्लगवरून लूप आहे. वायर अ‍ॅल्युमिनियमच, मधे एक जोड काळा झालेला, त्याचा फोटो काढलाय. मेगरने ०.४ मेगाओम. तिसऱ्या भोकात हिरवी वायर आहे पण ती न्हाणीच्या जुन्या लोखंडी नळाला बांधलेली आणि तो नळ बाहेर प्लास्टिक पाइपला जोडलाय! बल्ब अजिबात पेटला नाही. मीटरने ९६ दाखवलं, तारतंत्रींनी सांगितलं तसंच. तो म्हणाला नवीन लाईन, आरसीबीओ, अर्थ मिळून साधारण सोळा हजार, तसं लिहूनही दिलं.

मग हे पत्र. बघा कसं वाटतं:

"आदरणीय काका, सा. न.

मागच्या पडवीत वॉशिंग मशीनसाठी पॉइंट द्यायला तुम्ही लगेच हो म्हणालात त्याबद्दल आभार. पॉइंट कुठून घ्यावा हे ठरवायच्या आधी मी एका परवानाधारक वायरमनकडून मागच्या भागाची तपासणी करून घेतली. त्याचा कागद आणि फोटो सोबत जोडले आहेत.

गिझरची लाईन फ्रीजच्या प्लगवरून पुढे नेलेली आहे आणि ती जुनी अ‍ॅल्युमिनियमची आहे. मशीन पाणी तापवताना २१०० वॅट घेतं, गिझर २०००, दोन्ही एकदम चालले तर जवळजवळ १८ अँपियर होतात आणि ही वायर जेमतेम दहा-बारा अँपियरची आहे. त्यातला एक जोड आत्ताच काळा पडलेला आहे, फोटोत दिसेल. अर्थची वायर न्हाणीच्या ज्या नळाला बांधली आहे तो आता प्लास्टिक पाइपला जोडलेला असल्याने तिचा जमिनीशी संबंध उरलेला नाही. म्हणून गिझरच्या प्लगवरून पॉइंट घेऊ नये अशी विनंती आहे.

त्याऐवजी मेन बोर्डापासून पडवीपर्यंत तांब्याची एक स्वतंत्र लाईन, तिच्या सुरवातीला आरसीबीओ, आणि न्हाणीच्या मागे नवीन अर्थ, एवढंच करावं. भिंत फोडावी लागणार नाही, पाइप वरून जाईल आणि तुमच्या पुढच्या भागाला हात लागणार नाही. फक्त नवीन अर्थ गिझरच्या प्लगलाही जोडून घ्यावा, कारण तो आज उघडाच आहे, आणि काळा जोडही तेव्हाच बदलावा.

अंदाजे खर्च सोळा हजार आहे. लाईन आणि अर्थ घराला कायमचे राहतील, आम्ही गेल्यावरही. तरी मशीन आमचं असल्याने निम्मा खर्च मी द्यायला तयार आहे. काम कोणत्या वायरमनकडून करायचं ते तुम्ही ठरवा, फक्त तो परवानाधारक असावा आणि काम झाल्यावर तपासणीचा कागद द्यावा.

बिलावर मंजूर लोड २ किलोवॅट आहे. तो वाढवायचा अर्ज कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच वीज खात्यात करता येतो, त्यासाठी लागेल तिथे मी धावपळ करीन.

हे होईपर्यंत मशीन खोक्यातच ठेवतो. तुमचं उत्तर या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दोन ओळींत दिलंत तरी पुरे.

तुमचा नम्र"

घरमालक_कुडचडे
हे पत्र मला आलं असतं तर मी सही केली असती. फक्त "निम्मा खर्च" लगेच देऊ नका हो, आधी "खर्चाबद्दल बसून बोलू" म्हणा. घासाघीस नाही केली तर मालकाला वाटतं काहीतरी लपवतोय.

सत्तरीची_सून
मला उलट वाटतं, आकडा लिहिला तेच बरं. आणि आरसीबीओ स्वतःच्या पैशाने घेतला तर जाताना काढून न्यायचा का?

तारतंत्री
नाही! तो गेला की मागे नुसती वायर उरते आणि पुढचा भाडेकरू त्यावर काहीतरी लावणार. पैसे कोणीही द्या, तो बोर्डात राहिला पाहिजे.
पत्रात एकच घाला, महिन्यातून एकदा आरसीबीओवरचं टेस्टचं बटण दाबून बघायचं. न पडला तर बदलायचा.

नवे_आले_पेडण्यातून
हीटर नसलेलं टॉप लोड घेतलं असतं तर? ते चारशे वॅटच्या आसपास असतं, लोडचा प्रश्नच नाही. अजून बदलून मिळेल दुकानात.

तारतंत्री
लोडचा प्रश्न सुटतो, बरोबर आहे, जुन्या लाईनवर ताण कमी येईल. पण पाणी तेच, पत्रा तोच, अर्थ नसलेला प्लग तोच. त्यांनी बदलून घेतलं तरी पत्रातलं अर्थ आणि आरसीबीओ काढता येत नाही.

पडवीतला_भाडेकरू
पत्र दिलं. काका चष्मा लावून दोनदा वाचून, फोटो बायकोला दाखवून, मग म्हणाले लाईन आणि अर्थ करूया, पैसे अर्धे अर्धे, हरकत नाही, जोड बदलायला पण हो. पण चवथीनंतर. आत्ता घरी पाहुणे येणार, वायरमन सगळे मंडपांच्या लायटिंगला. मी म्हटलं चालेल.

अडलं ते लोडवर. कनेक्शन अजून काकांच्या वडलांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. घर भावंडांच्या वाटणीत अडकलेलं, एक भाऊ लंडनला. नाव बदलायला त्यांचे कागद लागणार आणि काका म्हणतात त्या भावाला फोन करायचा म्हणजे वाटणीचा विषय निघणार, तो मला या वर्षी नको.

घरमालक_कुडचडे
झालं. गोंयकाराचं घर आणि इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी. लोड न वाढवता लाईन करून घ्या, बिल येतंय ना.

तारतंत्री
लाईन आणि अर्थ आधी करून घ्या, ते कशासाठी थांबवायचं कारण नाही. पण लोड मंजुरीपेक्षा जास्त जातोय हे माहीत असून कायमचं तसंच ठेवा असं मी म्हणणार नाही. तोवर गिझर आणि मशीन एकदम लावू नका, मशीनला थंड पाण्याचा प्रोग्राम असतो तो वापरा, त्यात हीटर लागत नाही. मेन फ्यूजमधली तार पण त्या माणसाकडून योग्य मापाची घालून घ्या.

पडवीतला_भाडेकरू
थंड पाण्याचं चालेल, आमचे कपडे तसेही एवढे मळत नाहीत. नाव बदलायला वारसांपैकी एकाच्याच अर्जावर काही होतं का, कोणी नुकतं वीज खात्यात करून घेतलं असेल तर सांगा.

म्हापशेचो_पात्रांव
ते माहीत नाही. पण माझा तुकडा काढला. झिणझिणी परत आली.

तारतंत्री
येणारच. आता अर्थ करा. तोवर प्लग काढून ठेवा.